दाण्यात खडा नव्हता

मनकर्णाबाईंना राग यायला कारण लागत नसे असं त्यांची सून शैला म्हणायची, पण ते खरं नव्हतं. कारण लागायचं. फक्त ते लहानसं चालायचं. दूधवाल्यानं घंटी दोनदा वाजवली, विमान नेमकं घरावरून गेलं, किंवा नवरा चहा पिताना ‘वा’ म्हणाला नाही, एवढंही त्यांना पुरे होई. चिकलठाण्याच्या त्या गल्लीत हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांचे यजमान कारभारी यांनी तीस वर्षं औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात मशीनवर काढली होती, त्यामुळं कोणता आवाज आला की किती अंतरावर उभं राहायचं हे त्यांना बरोबर कळे. आवाज चढायला लागला की ते टोपी घालून मारुतीच्या पाराकडं निघत आणि ताटं मांडायच्या वेळेला परत येत.

मात्र एका बाबतीत मनकर्णाबाईंचा राग हलका नव्हता. ती बाब म्हणजे दाणे.

दाणे निवडावेत तर मनकर्णाबाईंनी, हे त्यांच्या शत्रूंनीही मान्य केलेलं होतं, आणि शत्रू बरेच होते. ज्वारी आधी सुपात पाखडायची, मग परातीत पसरून निवडायची, मग चष्मा लावून पुन्हा एकदा. तिसऱ्या वेळी त्या दाण्यांकडं अशा बघत की एखादा खडा चुकून उरला असता तर आपला आपणच उठून गेला असता. सून घरात आली तेव्हा तिची परीक्षा स्वयंपाकाची झाली नाही, परातीची झाली. शैला नापास झाली. दहा वर्षं झाली, तरी निकाल बदललेला नव्हता.

अशा बाईला बद्रीनाथ गिरणीवाल्यानं होळीच्या आदल्या दिवशी अकरा बायकांसमोर म्हटलं, “वहिनी, दाने निवडून आनत जा.”

झालं होतं असं. मनकर्णाबाईंची ज्वारी पडत असताना गिरणीत खट् असा आवाज झाला. बद्रीनाथनं पट्टा उतरवला, दगड उघडला, आणि चिमटीत हरभऱ्याएवढा खडा धरून वर आला. तो खडा त्यानं सगळ्यांना दाखवला. मग ते वाक्य बोलला. बद्रीनाथ तसा स्वभावानं गरीब, पिठानं भुवया पांढऱ्या झालेला, पण दगडाला टाकीनं पुन्हा खाचा पाडायचं काम वाढलं म्हणून त्याचंही डोकं फिरलं होतं.

मनकर्णाबाईंनी अर्धं पीठ आणि अर्धे दाणे असा डबा उचलला. उंबऱ्याबाहेर गेल्या, वळल्या आणि सांगितलं, “ह्या उंबऱ्यावर पुन्हा पाय ठेवला तर बापाचं नाव लावनार नाय.”

तेव्हापासून त्या दळण घेऊन रिक्षानं मुकुंदवाडीला जायला लागल्या. सहा महिने गेल्या. पावसाळ्यात डब्यावर प्लास्टिक बांधून गेल्या. कारभारी एकदा चुकून म्हणाले, की बद्रीनाथची गिरणी चाळीस पावलांवर आहे. त्या दिवशी कारभारी पारावर जेवले.

शेवटी मुलानं, काकासाहेबानं, तोडगा काढला. दसऱ्याआधी मोबाइलवरच्या दुकानात मोठा सेल लागला होता. त्यात घरघंटी होती. पांढरीशुभ्र, कपाटाएवढी, वर दाणे टाकायचे, खालच्या डब्यात पीठ. बिल आईच्या नावानं करायचं ठरलं, कारण घंटी आईची होती. मनकर्णाबाई जन्मात पहिल्यांदा एखाद्या वस्तूवर खूश झालेल्या दिसल्या. गल्लीत त्यांनी जाहीर केलं, की आता गिरणी आपल्या घरात. बद्रीनाथला ऐकू जाईल एवढ्या आवाजात जाहीर केलं.

खोकं आलं तेव्हा पितृपंधरवडा चालू होता. पितरांच्या दिवसांत नवी वस्तू उघडायची नाही हे मनकर्णाबाईंच्या घरात विचारायचीही गोष्ट नव्हती. शैलानं तरी हळूच सांगून पाहिलं, की आत्याबाई, नुसतं उघडून, चालवून बघू, सात दिवसांत बदलून मिळतं असं लिहिलंय. सासूबाई म्हणाल्या, की पितरं दारात असताना घरघंटी लावली तर ती म्हणतील पोरांना आमच्या घासापेक्षा मशीनचं कौतुक जास्त. मग पितरं गेली आणि घट बसले. घटात उघडायचं का, तर नाही. यंत्राचा मान दसऱ्याला. खोकं बाहेरच्या खोलीत उभं राहिलं. त्याला हळदीकुंकू लागलं. येणाजाणाऱ्यांना ते देवाच्या वरताण दाखवलं गेलं.

दसऱ्याला, बाराव्या दिवशी, झेंडूची माळ घालून, नारळ फोडून, आपट्याची पानं वाहून घंटी उघडली. गल्लीतल्या सात बायका बोलावल्या होत्या. मनकर्णाबाईंनी तीनदा निवडलेली ज्वारी वरून सोडली. बटण दाबलं.

घंटीनं असा आवाज काढला की कारभारी सवयीनं टोपी शोधायला लागले. पत्र्यावर पत्रा घासावा तसा तो आवाज होता. दोन मिनिटांत जळका वास आला आणि घंटी आपोआप बंद पडली. डब्यात जे पीठ होतं ते गरम होतं, आणि त्यात काळा बारीक कीस चमकत होता. लोखंडाचा. सात बायकांपैकी कोणी काही बोललं नाही. तेच मनकर्णाबाईंना जास्त लागलं. बोलल्या असत्या तर उत्तर देता आलं असतं.

दुसऱ्या दिवसापासून राग कामाला लागला.

मोबाइलवरच्या दुकानानं कळवलं, की बदलून द्यायची मुदत पाच दिवसांपूर्वी संपली, आता कंपनीशी बोला. शैलानं वॉरंटी कार्ड काढलं. त्यावर स्पष्ट होतं, सगळ्या यंत्राला एक वर्ष, मोटारीला पाच, बिलाच्या तारखेपासून. म्हणजे दुकानाचं दार बंद झालं होतं, कंपनीचं नव्हतं. शैलानं हे सासूला दोनदा समजावलं. मनकर्णाबाईंना एवढंच कळलं, की भांडायला अजून माणूस शिल्लक आहे. त्यांचा चेहरा जरा उजळला.

कंपनीच्या फोनवरच्या मुलीनं नाव, बिलाचा नंबर, खोक्यावरचा नंबर लिहून घेतला. मग विचारलं, की वस्तू मिळाली तेव्हाच का नाही चालवली.

“पितरं व्हती,” मनकर्णाबाई म्हणाल्या.

“कोण होते, मॅडम?”

“माझी सासू, सासरे आन् आजेसासरे. ते गेल्यावर उघडली.”

मुलीनं तेही लिहून घेतलं. मग मुलीनं तक्रार नंबर दिला आणि दोन दिवसांत माणूस येईल म्हणून सांगितलं. शैलानं नंबर कॅलेंडरवर लिहिला. माणूस पाचव्या दिवशी आला.

तो मेकॅनिक तरुण होता, घाईत होता, आणि त्याला अजून जालना रोडवर चार घरं करायची होती. त्यानं घंटीचं दार उघडलं, जाळी बाहेर काढली. पीठ चाळणारी ती गोल पत्र्याची जाळी एका बाजूनं खरवडून फाटली होती. त्यानं ती उजेडात धरली, बघितल्यासारखं केलं, आणि म्हणाला, “दाण्यात खडा होता.”

शैलानं डोळे मिटले. कारभारी पायरीवर होते, ते उठून उभे राहिले.

पण मनकर्णाबाई ओरडल्या नाहीत. त्यांचा आवाज खाली आला, आणि घरातल्यांना ठाऊक होतं की ही जास्त वाईट गोष्ट. त्यांनी उरलेल्या ज्वारीची परात आणून त्याच्या पुढ्यात ठेवली आणि सांगितलं, की यातून एक खडा काढून दाखव. मेकॅनिकला वेळ नव्हता. त्यानं कागदावर लिहिलं, ‘ग्राहकाच्या चुकीच्या वापरामुळे बिघाड, वॉरंटीत बसत नाही, जाळीचा आणि कामाचा खर्च ग्राहकाकडे’, आणि सहीसाठी पुढं केला.

सही करायची नाही, असं मनकर्णाबाईंचं म्हणणं. शैलानं मात्र डोकं वापरलं. तिनं सासूला सांगितलं, की सही करा पण वर लिहून करा. मग मनकर्णाबाईंनी चौथीपर्यंतच्या अक्षरात, जीभ बाहेर काढून, लिहिलं, ‘हे मला मान्य नाही. दाणे निवडलेले होते.’ आणि खाली सही. एक प्रत ठेवून घेतली. आयुष्यात त्यांनी लिहिलेला हा सगळ्यात मोठा मजकूर.

त्या रात्री त्या जेवल्या नाहीत. राग कंपनीवर होता असं सगळे समजत होते. होता तर तो होताच. पण मधेच त्या कारभाऱ्यांना म्हणाल्या, की सात दिवसांत उघडली असती तर त्या मेल्याशी बोलायचीही वेळ आली नसती. एवढंच. मग भिंतीकडं तोंड करून झोपल्या. कारभारी चाळीस वर्षांत पहिल्यांदा पाराकडं न जाता तिथंच बसून राहिले.

सकाळी शैलानं एक नऊ एक पाच लावला. सरकारचा ग्राहकांसाठीचा फोन, पैसे लागत नाहीत, मराठीतही बोलता येतं. पलीकडचा माणूस सबुरीचा होता, कारण मनकर्णाबाईंनी त्याला होळीपासूनची हकीकत सांगितली आणि त्यानं ती ऐकली. मग त्यानं तीन गोष्टी सांगितल्या. परतीची मुदत संपली म्हणजे वॉरंटी संपत नाही. ही तक्रार आम्ही कंपनीकडं पाठवतो, त्यांनी उत्तर द्यावं अशी अपेक्षा असते, पण हुकूम सोडणं आमच्या हातात नाही. तेवढ्यानं भागलं नाही तर आपल्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात जाता येतं, दोन वर्षांच्या आत, इतक्या किमतीच्या वस्तूला फी नाही, वकील केलाच पाहिजे असंही नाही. फक्त कागद नीट ठेवा.

“आन् खडा नव्हता हे कोन सांगनार?” मनकर्णाबाईंनी विचारलं.

तो म्हणाला, की जाणकार माणसाचं लेखी मत असलं तर बरं.

दिवाळी मुकुंदवाडीच्या पिठावर झाली. चकल्या मोडल्या. त्या चकल्यांचं खापरही कंपनीवर फुटलं. भाऊबीज उलटल्यावर कंपनीचं उत्तर आलं. मेकॅनिकच्या कागदावरचं तेच वाक्य, फक्त वर ‘आदरणीय ग्राहक’ असं लिहिलेलं. मनकर्णाबाईंनी शैलाला ते तीनदा वाचायला लावलं. तिसऱ्यांदा वाचून झाल्यावर त्यांनी पदर खोचला.

“जानकार मानूस,” त्या म्हणाल्या. “ह्या गावात दळनातला जानकार कोन हाय?”

शैलानं खिडकीबाहेर बघितलं. उत्तर तिलाही ठाऊक होतं आणि सासूलाही. चाळीस पावलांवर होतं.

बापाचं नाव लावणार नाही असं बोललेल्या बाईनं काय करावं? मनकर्णाबाई गिरणीपर्यंत गेल्या आणि उंबऱ्याच्या अलीकडं, रस्त्यावर, उभ्या राहिल्या. आत पाय ठेवला नाही. दळणाच्या गर्दीची वेळ होती. त्यांना बघून बायकांनी डबे सरकवून वाट केली. त्या वाटेवरून कोणी चाललं नाही.

“बद्रीभाऊ,” त्यांनी रस्त्यावरून हाक मारली. “बाहेर या.”

बद्रीनाथ बाहेर आला तो दोन्ही हात पुसत, मार खायला निघालेल्या माणसासारखा.

“माझ्या दान्यात खडा व्हता म्हनतेत. कंपनीवाले. तुमीबी म्हनले व्हते. आता घरी या आन् बगून सांगा. असला तर गल्लीसमोर सांगा, म्या ऐकून घेईन. नसला तर लिहून द्या.”

बद्रीनाथनं गिरणी बंद केली. ताटकळलेल्या बायकांपैकी चारजणी दळण तिथंच ठेवून मागोमाग आल्या.

घरघंटीसमोर बसल्यावर बद्रीनाथ वेगळाच माणूस झाला. आधी त्यानं वायर सॉकेटमधून काढली आहे ना ते स्वतः पाहिलं. मग म्हणाला, की मी एकही स्क्रू सैल करणार नाही, नाहीतर म्हणतील गिरणीवाल्यानं हात लावला आणि वॉरंटी गेली. जे दार रोज उघडायचं तेवढंच उघडायचं. त्यानं फाटकी जाळी घेतली, खिडकीशी नेली, आणि अंगठा फिरवला.

“खडा लागला तर खोक पडती, एका जागी. हे खोक नाय. हे घासलंय. निम्म्या जाळीवर, आन् उरलेली निम्मी कोरी. बगा हात लावून.”

सगळ्यांनी हात लावून बघितलं. कारभाऱ्यांनी जरा जास्त वेळ लावला, कारखान्यातली बोटं होती ती, आणि मान हलवली.

मग बद्रीनाथनं जाळी जागेवर बसवली आणि कारभाऱ्यांकडून एक काडेपेटीची काडी मागितली. आत फिरणारं पातं त्यानं हातानं डावीकडं आणलं. पात्याचं टोक आणि जाळी यांच्यात काडी सुळकन् गेली, वर हललीही. तेच पातं हळूहळू उजवीकडं आणलं. तिथं काडी जाईना. शैलानं वर्तमानपत्राचा कागद दिला, तोही जाईना. बद्रीनाथ उठला आणि गुडघे झटकले.

“मोटार मधोमध बसवलेलीच नाय. कारखान्यातूनच तिरपी आली. ह्याच्यात तुमी सोनं दळलं असतं तरी हेच झालं असतं.”

शैलानं मोबाइलवर फोटो काढत सगळं पुन्हा करायला लावलं, डावीकडं काडी, उजवीकडं काडी, मागं भिंतीवरचं कॅलेंडर दिसेल असं.

मनकर्णाबाईंनी वही पुढं केली. बद्रीनाथनं लिहून दिलं, की मी सत्तावीस वर्षं गिरणी चालवतो, यंत्र पाहिलं, दोष जोडणीचा आहे, जाळीवर खड्याची खूण नाही, उरलेले दाणे पाहिले, त्यात खडा नाही. सही केली. पेन टोपणात घालणार तेवढ्यात मनकर्णाबाई म्हणाल्या, “अजून एक ओळ राहिली.”

“कोनती?”

“होळीची.”

बद्रीनाथनं पिठाळ भुवया वर केल्या. बायका पुढं सरकल्या. तो खालच्या मानेनं म्हणाला, की त्या दिवशी त्यांच्या आधी कोणाची तरी रेशनची ज्वारी पडली होती, खडा तिच्यातला, दाणे सोडायच्या तोंडात अडकून राहिला असणार. हे त्याला त्याच संध्याकाळी, दगड साफ करताना, कळलं होतं.

“मग सांगितलं काहून नाय?”

“तुमाला सांगायला कोन येनार, वहिनी? मलाबी लेकरंबाळं हायेत.”

कारभारी खोकले. तो खोकला नव्हता, पण त्यांनी तो तसा काढला. ओळ लिहिली गेली. ती मात्र वेगळ्या पानावर, कारण कंपनीला तिचा उपयोग नव्हता.

शैलानं नोटीस तयार केली. बिल, वॉरंटी कार्ड, मेकॅनिकचा कागद, बद्रीनाथचं मत, काडीचे फोटो, सगळ्याच्या प्रती. पंधरा दिवसांत यंत्र बदलून द्या किंवा पैसे परत करा, नाहीतर जिल्हा ग्राहक आयोगात दाद मागू, कंपनीविरुद्ध आणि विकणाऱ्याविरुद्धही. एक प्रत रजिस्टर पोस्टानं, एक ईमेलनं, आणि सरकारी फोनवर पुन्हा कळवलं, की आधीचं उत्तर मान्य नाही. मनकर्णाबाईंना त्यात ‘मेल्यांनो’ असा शब्द घालायचा होता. शैलानं तो घातला नाही. दहा वर्षांत पहिल्यांदा सून सासूला नाही म्हणाली आणि सासूनं ऐकलं.

दहाव्या दिवशी कंपनीचा मोठा इंजिनिअर आला. सोबत मापाच्या पोलादी पट्ट्या होत्या. त्यानं डावीकडं पट्टी घातली, उजवीकडं घातली, फोटो काढले. निघताना कारभाऱ्यांनी त्याला सहज विचारलं, की आमच्या काडीचं आणि तुमच्या पट्टीचं माप जुळलं का. तो हसला. कागदावर त्यानं लिहिलं, ‘उत्पादनातील दोष, यंत्र बदलून देण्यास पात्र’.

नवं खोकं आलं ते शनिवारी. कारभाऱ्यांनी कॅलेंडर बघितलं, मग पुन्हा एकदा बघितलं. शनिवार, त्यात अमावास्या. गाडीवाला खोकं दारात ठेवून सही मागत होता.

“थांब,” मनकर्णाबाई म्हणाल्या. “आदी उघड.”

“आत्याबाई, आज अमावास्या हाय,” शैला म्हणाली.

“असू दे. पितरं गेली घरी. मेल्यांनी बारा दिवस थांबवलं मला.”

हे त्यांनी पितरांना म्हटलं की कंपनीला, ते कोणी विचारलं नाही. खोकं अंगणातच उघडलं. हळदकुंकू नाही, माळ नाही, नारळ नाही. शैला मोबाइल धरून उभी. बटण दाबायच्या आधी मनकर्णाबाईंनी स्वतः खाली बसून काडी डावीकडं घातली, मग उजवीकडं घातली. दोन्हीकडं गेली. मग ज्वारी सोडली. घंटी घुमली, भुणभुण असा नीट आवाज करत, आणि डब्यात पांढरं पीठ पडायला लागलं. तेव्हा कुठं गाडीवाल्याला सही मिळाली, आणि ताकाचा पेला.

कारभारी म्हणाले, की जरा बसा आता, शांतपणानं. मनकर्णाबाईंना शांतपणा कधी मानवला नव्हता. त्यांनी वाटीभर पीठ घेतलं आणि तडक गिरणीकडं निघाल्या. या वेळी उंबरा ओलांडून आत गेल्या. बापाच्या नावाचं काय, असं विचारायची कोणाची छाती झाली नाही. त्यांचं म्हणणं, ओळ लिहून मिळाली तेव्हाच ते फिटलं.

वाटी बद्रीनाथपुढं धरली. त्यानं चिमूट घेतली, अंगठ्यावर घासली, वास घेतला, जिभेवर ठेवली. गिरणीतल्या बायका बघत होत्या.

“चांगलं हाय,” तो म्हणाला. मग सत्तावीस वर्षांची सवय आडवी आली. “जरासं जाड हाय. भाकरी फाटंल.”

मनकर्णाबाईंनी वाटी खाली ठेवली आणि पदर खोचला. चाळीस पावलांवर, आपल्या घराच्या दारात, कारभाऱ्यांनी टोपीला हात घातला.